'येतो ना' आणि 'येतो की'

नमस्कार, श्रोतेहो.

"उद्या येतोस का?" असं कुणी विचारलं, तर "येतो" म्हणता येतं, "येतो ना" म्हणता येतं आणि "येतो की" असंही म्हणता येतं. येण्याची बातमी तिन्ही उत्तरांत एकच आहे. 'ना' आणि 'की' काढून टाकले तरी वाक्य खरं की खोटं, यात काही फरक पडत नाही. अशा शब्दांची पहिली कसोटी हीच. बदलतं ते बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याशी असलेलं नातं. साधं "येतो" फक्त उत्तर देतं. "येतो ना" म्हणताना सूर खाली उतरतो आणि त्यातून 'हे तुला ठाऊकच आहे, विचारायचं काय त्यात' असं कळतं. "येतो की" मात्र समोरच्याच्या मनातली शंका खोडतं. मी येणार नाही असं तुला वाटलं होतं, तसं काही नाही.

आता हेच दोन शब्द आग्रहात ऐका. पंगतीत यजमान "घ्या ना" म्हणतात तेव्हा ते आर्जव असतं. "घ्या की" म्हणतात तेव्हा अर्थ होतो, संकोच कसला, तुम्हाला अडवलंय कुणी? पानात पडणारी जिलबी तीच, पण दुसऱ्या वाक्यात पाहुणा अडखळतोय हे यजमानांनी हेरलेलं असतं.

प्रश्नात या दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या होतात. "येतोस ना?" असा सूर चढवून विचारलं की होकार गृहीत धरलेला असतो, फक्त त्यावर शिक्का हवा असतो. तिथे 'ना'च्या जागी 'की' घालून पाहा. "येतोस की?" हे अर्धवट वाटतं, कारण ऐकणारा पुढच्या "नाही"ची वाट बघत राहतो. म्हणून दुसरी कसोटी अशी, की त्याच जागी दुसरा शब्द घालून बघायचा. कोशात नुसता अर्थ शोधून या शब्दांचं काम कळत नाही. जागा आणि सूर दोन्ही पाहावे लागतात.

इंग्रजीत 'वेल' आणि 'यू नो' यांचा असा बारकाईने अभ्यास झाला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेबोरा शिफ्रिन यांनी 1987 साली या विषयावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी फिलाडेल्फियातल्या लोकांच्या ध्वनिमुद्रित गप्पा तपासल्या आणि अकरा शब्द व शब्दबंध निवडले. त्यांतला 'वेल' उत्तराच्या अगदी तोंडाशी येतो आणि बहुधा सांगतो, की अपेक्षित उत्तर सरळ मिळणार नाही.

आपल्याकडे हे काम बरेचदा 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' करतात. फोनवरचं हे बोलणं ऐका.

"रविवारी जेवायला येताय ना?"

इथे क्षणभर शांतता.

"हो... म्हणजे, काय आहे ना, रविवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय."

"बरं बरं. मग पुढच्या रविवारी?"

'नाही' हा शब्द कुठेच उच्चारला गेला नाही, तरी नकार पोचला. पहिली खूण त्या शांततेची. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या अभ्यासात हो-नाहीच्या प्रश्नाचं उत्तर सरासरी सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्शात येतं असं दिसलं. उत्तराला त्याहून उशीर झाला की ऐकणारा सावध होतो. त्या दहांत मराठी नव्हती, पण फोनवर थांबलेला आवाज आपणही असाच ओळखतो. मग आलेलं 'हो' आमंत्रणाचा मान राखतं, 'म्हणजे' त्या होकाराला मुरड घालतं. 'काय आहे ना' कारण येतंय हे आधीच सांगतं आणि त्यातला 'ना' समजून घ्या अशी विनवणी करतो. इंग्रजीतल्या 'यू नो'चा काही वाटा असा आपल्या 'ना'कडे आहे.

ताळा करून बघायचा असेल तर हाच शब्दबंध होकाराआधी लावा: "काय आहे ना, मी येतोय." ऐकणारा क्षणभर गोंधळतो, कारण त्याने नकार ऐकायची तयारी केलेली असते.

या शब्दांची खरी हेळसांड होते ती मुलाखती लिहून काढताना. 'ना', 'बरं', 'हं' हा पाल्हाळ समजून गाळला जातो आणि वरचं उत्तर "हो, रविवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय" असं कागदावर उतरतं. वाचणाऱ्याला तो होकार वाटतो. याच्या उलटही घडतं. ऐकणाऱ्याचं मधलं "हं, हं" बहुतेक वेळा एवढंच सांगतं, की बोला, मी ऐकतोय. ते "हो, मान्य आहे" असं नोंदवलं गेलं, तर त्या माणसाच्या तोंडी न दिलेली संमती घातली जाते.

म्हणून लिहून काढणाऱ्यांनी हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. उत्तराआधीची शांतता सेकंदाच्या दशांशांत मोजून कंसात लिहावी आणि 'ना'चा सूर चढला की उतरला हे बाणाने दाखवावं. 'हं' कुणाच्या कुठल्या शब्दावर पडला, तेही त्या शब्दाखालीच नोंदवावं. वेळ कमी असेल तर सगळी मुलाखत इतक्या बारकाईने लिहू नका. जिथे प्रश्नाला होकार किंवा नकार यायचा आहे, तेवढे तुकडे पुन्हा ऐका.