पिण्याचे पाणी आणि सळईचे पाणी

[दृश्य: तुळईच्या खालच्या अंगाला पडलेली लांब, सरळ भेग. भेगेच्या कडेने तांबूस ओघळ.]

ही भेग नीट पाहावी. भार न पेलल्यामुळे तुळईला पडणाऱ्या भेगा बहुधा तिच्या लांबीला छेदून जातात. ही मात्र लांबीच्याच दिशेने, जणू पट्टी लावून आखल्यासारखी गेली आहे, आणि तिच्या बरोबर आत सळई आहे. भेगेतून झिरपलेला तांबूस रंग त्याच सळईचा आहे. असा गंज चढण्याची कारणे अनेक असतात. येथे आपण त्यांपैकी एकाच कारणाचा माग काढणार आहोत, आणि ते म्हणजे काँक्रीट कालवताना मिक्सरमध्ये ओतलेले पाणी.

[दृश्य: मिक्सरच्या तोंडात पाण्याची धार.]

बांधकामावर एक नियम सर्वांना तोंडपाठ असतो : जे पाणी पिता येते, ते काँक्रीटला चालते. नियम चुकीचा नाही. पिण्याच्या पाण्यात क्षार, गाळ आणि सेंद्रिय द्रव्ये इतकी कमी असतात की त्याची वेगळी तपासणी करण्याची गरज सहसा पडत नाही. अपवाद आहेत, पण थोडे. साखरेचे भांडे विसळलेले पाणी पिऊन कोणाला अपाय होणार नाही, परंतु सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के इतकी साखरदेखील काँक्रीट घट्ट होण्याचा काळ काही तासांनी लांबवू शकते. घोटाळा होतो तो हाच नियम उलटा वाचल्यामुळे. पिण्यास अयोग्य असलेले प्रत्येक पाणी काँक्रीटला अयोग्यच असते, असे कोणतेही मानक म्हणत नाही. दुसरीकडे, वर्षानुवर्षे मचूळ पाणी पिणाऱ्याची जीभ त्या चवीला सरावलेली असते. ‘आम्ही हेच पितो’ हे त्याचे म्हणणे खरे असते, पण सळईच्या दृष्टीने तो पुरावा ठरत नाही.

[दृश्य: प्रयोगशाळेत ओळीने मांडलेले काँक्रीटचे ठोकळे.]

अयोग्य दिसणारे पाणी खरोखर किती अयोग्य असते, हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रम्स यांनी वेगवेगळ्या प्रकारची 68 पाणी गोळा केली, त्यांतून सुमारे 6000 नमुने तयार करून ते दाबून फोडले आणि 1924 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रंगाने व वासाने नकोशा वाटणाऱ्या कितीतरी पाण्यांनी पुरेसे मजबूत काँक्रीट दिले होते. आजच्या मानकांतील कसोटी त्याच विचाराची आहे. संशयित पाण्याचे ठोकळे आणि शुद्ध पाण्याचे ठोकळे एकाच सिमेंटपासून, एकाच प्रमाणात तयार करावेत आणि ठरलेल्या दिवशी फोडावेत. संशयित पाण्याच्या ठोकळ्यांची ताकद दुसऱ्यांच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे आणि सिमेंट घट्ट होऊ लागण्याच्या वेळेत फार फरक पडता कामा नये.

[दृश्य: दाबयंत्रात ठोकळा फुटतो.]

ही कसोटी उत्तम आहे, पण ती फक्त काँक्रीटला प्रश्न विचारते. ठोकळ्यात सळई नसते. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत तर ठोकळा काही काळ दिशाभूलच करतो, कारण मिठातील क्लोराइडमुळे सिमेंट लवकर घट्ट होते आणि पहिल्या काही दिवसांत ताकदही भराभर वाढते. पुढे ही आघाडी ओसरते. समुद्राच्या पाण्याने केलेले काँक्रीट 28 दिवसांनी गोड्या पाण्याच्या काँक्रीटपेक्षा काहीसे मागे पडलेले आढळते, तरी ते अगदीच निकामी झालेले नसते. म्हणूनच ज्या कामात सळई नाही, अशा साध्या काँक्रीटसाठी समुद्राचे पाणीही वापरता येते, असे युरोपीय मानक ईएन 1008 मान्य करते. रोमन लोकांनी बंदरांच्या भिंतींचे काँक्रीट चुना व ज्वालामुखीची राख घालून थेट समुद्रात रचले आणि त्यांतील काही अवशेष आजही उभे आहेत. हे उदाहरण खाऱ्या पाण्याच्या समर्थनार्थ वारंवार दिले जाते, म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की त्या भिंतींत लोखंडी सळई नव्हती.

[दृश्य: फोडलेल्या काँक्रीटमधून बाहेर काढलेली सळई. एक टोक करडे, स्वच्छ. दुसऱ्या टोकाला खड्डे.]

सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित राहते, त्याचे कारण केवळ हवा-पाण्याचा आडोसा हे नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून चुना तयार होतो, आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील ओलावा इतका अल्कधर्मी होतो की त्याचा पीएच 12.5 ते 13.5 इतका असतो. अशा ओलाव्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि तोच लोखंडाला गंजण्यापासून राखतो. क्लोराइड हा थर एकेका ठिकाणी भेदते. जिथे भेद होतो तेवढ्याच बिंदूवर लोखंड विरघळू लागते, आजूबाजूची शाबूत सळई त्या विद्युत-रासायनिक क्रियेला हातभार लावते, आणि म्हणून गंज सर्वत्र सारखा न पसरता खोल खड्डे पाडत जातो. मिसळलेल्या क्लोराइडपैकी काही भाग सिमेंटमधील ॲल्युमिनेट बांधून ठेवते. उरलेला भाग ओलाव्यात मोकळा फिरतो, आणि धोका त्या मोकळ्या भागाचा असतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते, त्यामुळे काँक्रीट आतून उचकटते, ढलपा निखळतो आणि सळईची जाडी घटत जाते.

[दृश्य: काचेचे चंचुपात्र. ब्युरेटमधून थेंब पडत आहेत.]

आता पाणी तपासताना पाहू. या पात्रात समुद्राजवळच्या एका विहिरीचे 50 मिलिलिटर पाणी आहे. दिसायला ते अगदी नितळ आहे. त्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकल्यामुळे ते पिवळे झाले आहे. वरच्या ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण आहे आणि ते अशा तीव्रतेचे केले आहे की त्याचा 1 मिलिलिटर जवळजवळ 1 मिलिग्रॅम क्लोराइड पकडतो. थेंब पडताच दुधासारखी पांढरी साय धरते. हे सिल्व्हर क्लोराइड. पात्रात क्लोराइड आहे तोवर रंग पिवळाच राहतो. ते संपले की पुढचा थेंब विटकरी छटा देतो, आणि ढवळूनही ती छटा टिकली की तोटी बंद करायची.

[दृश्य: ब्युरेटवरील आकडा, जवळून.]

ब्युरेट 45 मिलिलिटर दाखवते. म्हणजे 50 मिलिलिटर पाण्यात 45 मिलिग्रॅम, अर्थात लिटरमागे 900 मिलिग्रॅम क्लोराइड. सळई असलेल्या काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस 456 पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम ठेवते, तर ईएन 1008 मध्ये ती 1000 आहे. एकाच विहिरीचे पाणी एका ठिकाणी नापास आणि दुसऱ्या ठिकाणी पास कसे, याचा उलगडा हिशेबात आहे. सळईला लिटरचा आकडा कळत नाही. एकूण काँक्रीटमध्ये किती क्लोराइड गेले तेवढेच तिला लागते. एक घन मीटर काँक्रीटला 180 लिटर पाणी व 350 किलो सिमेंट धरले, तर या विहिरीच्या पाण्यातून सुमारे 160 ग्रॅम क्लोराइड आत जाईल. आयएस 456 नुसार अशा काँक्रीटमध्ये सर्व घटकांतून मिळून घन मीटरमागे 600 ग्रॅमपर्यंत क्लोराइड चालते. म्हणजे चौथ्या भागाहून अधिक हिस्सा एकट्या पाण्याने व्यापला, आणि वाळू, सिमेंट व मिश्रके यांचा हिशेब अजून बाकीच आहे. वाळू खाडीतली व न धुतलेली असेल, तर हे पाणी मी नाकारीन. वाळू नदीची आणि तपासलेली असेल, तर विचार करता येतो, अर्थात लागू मानक परवानगी देत असेल तरच. ताणलेल्या तारांच्या पूर्वप्रतिबलित काँक्रीटसाठी मात्र ही सवलत घेऊ नये, कारण ताणाखालची बारीक तार खड्डा पडताच अचानक तुटू शकते.

याच हिशेबात समुद्राचे पाणी घालून पाहावे. त्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असते, म्हणजे 180 लिटरमधून जवळजवळ 3.4 किलो. हे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या सुमारे एक टक्का होते आणि वर सांगितलेल्या एकूण मर्यादेच्या पाचपटीहून अधिक भरते.

[दृश्य: मोजनळीत गढूळ पाणी. गाळ हळूहळू खाली बसतो.]

गढूळ पाण्याचे परीक्षण यापेक्षा सोपे आहे आणि त्याला रसायनही लागत नाही. ईएन 1008 मधील प्राथमिक तपासणीत 80 मिलिलिटर पाणी मोजनळीत घेऊन, तोंड बंद करून, अर्धा मिनिट जोराने हलवतात आणि नळी स्थिर ठेवतात. वास पाहतात, फेस दोन मिनिटांत विरतो का ते पाहतात आणि अर्ध्या तासाने तळाचा गाळ व वरचा तवंग पाहतात. गाळ 4 मिलिलिटरपेक्षा जास्त नसावा. बारीक चिकणमाती खडीवर पातळ लेप देते, त्यामुळे सिमेंटची पकड खडीला नीट बसत नाही. शिवाय मिश्रण घट्ट वाटू लागते, मग कामगार आणखी पाणी ओततो आणि ताकद त्या वाढीव पाण्याने अधिक घटते. गढूळपणाचा उपाय मात्र हाताशी आहे : पाणी टाकीत निवळू द्यावे आणि उपसा तळातून न करता वरून करावा. खारेपणा असा निवळत नाही आणि साध्या गाळणीलाही जुमानत नाही.

[दृश्य: मोजनळीच्या पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग.]

तवंग दिसला, तर आधी तेल कोणते ते विचारावे. यंत्राचे खनिज तेल तुलनेने कमी त्रासदायक असते. सिमेंटच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक झाले, तर ताकद वीस टक्क्यांपेक्षाही जास्त घटू शकते. वनस्पतिजन्य व प्राणिज तेलांचा चुन्याशी संयोग होऊन साबणासारखे पदार्थ तयार होतात, आणि म्हणून त्यांचा धोका अधिक. तेल सळईवर चढले की काँक्रीटची तिच्यावरील पकड कमी होते. यासाठीच तेलाच्या पिंपातून पाणी आणू नये.

[दृश्य: विहिरीच्या कडेला नमुन्याची बाटली भरली जाते. बाटलीवर तारीख लिहिणारा हात.]

बाटली आधी त्याच पाण्याने विसळून घेतली आहे आणि तिच्यावर तारीख घातली आहे. तारीख महत्त्वाची आहे, कारण समुद्राजवळच्या विहिरीत पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याचा साठा असतो आणि उपसा वाढून पातळी खाली गेली की खारे पाणी आत सरकते. पावसाळा सरताच घेतलेला 900 चा आकडा कोरड्या दिवसांच्या अखेरीस तसाच राहील, असे धरता येत नाही. काम ज्या महिन्यांत चालणार, त्याच महिन्यांत नमुना पुन्हा घ्यावा लागतो, आणि काँक्रीटवर मारायचे पाणीही त्याच बाटलीत मोजावे लागते, कारण वाळत जाणाऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक फेरीला मीठ मागे राहते.