बाजार वाढतो, कंपन्या का वाढत नाहीत?

नमस्कार, श्रोतेहो.

बाजार मोठा झाला की नव्या कंपन्या येतात आणि जुन्यांची पकड सैल होते, असं आपण धरून चालतो. मिठासारख्या मालात ते बरंचसं खरं आहे. शीतपेयांत मात्र तसं होत नाही. का, ते एका छोट्या हिशोबातून पाहू.

समजा, बाजाराची उलाढाल 100 आहे आणि कारखाना उभारायला 1 लागतो. धंदा सोडला तर तो 1 परत मिळत नाही. याला बुडीत खर्च म्हणतात. एका कंपनीचा नफा काढायला उलाढालीला कंपन्यांच्या संख्येने दोनदा भागू: एकदा वाटेकरी वाढले म्हणून, दुसऱ्यांदा चढाओढीत भाव उतरले म्हणून. दहा कंपन्या असतील तर प्रत्येकीला 1 मिळतो, म्हणजे कारखान्याचा खर्च जेमतेम निघतो. अकरावी येत नाही. उलाढाल 400 झाली की वीस कंपन्या मावतात.

आता जाहिरातीने गिऱ्हाईक वळतं असा माल घ्या. उलाढाल 100, कंपन्या पाच, प्रत्येकीचा नफा 4. त्यातला 1 कारखान्यात आणि 3 जाहिरातीत जातो. उलाढाल 400 झाली की तोच नफा 16 होतो. मग सहावी कंपनी का येत नाही?

कारण जुन्या कंपन्या 3 वर थांबत नाहीत. ब्रँड लोकांच्या मनात बसवायचा खर्च एकदाच करायचा असतो, आणि आता तो चौपट विक्रीवर वसूल होतो. एकीने खर्च वाढवला की तिच्याकडे गिऱ्हाईक सरकतं. मग बाकीच्यांनाही वाढवावाच लागतो, आणि ही चढाओढ 15 पर्यंत जाते. 1 आणि 15 मिळून 16. नफा तिथेच संपला. नव्याने येणाऱ्यालाही तेवढेच ओतावे लागतील आणि त्याच्यासाठी काही उरत नाही. प्रवेशाची किंमत बाजाराबरोबर वाढली, कारण ती स्पर्धेतूनच ठरते. म्हणून अर्थशास्त्रज्ञ याला अंतर्जात बुडीत खर्च म्हणतात.

अर्थशास्त्रज्ञ जॉन सटन यांनी 1991 साली सहा देशांतले खाद्यपेयांचे वीस उद्योग या कसोटीवर तपासले. विक्रीच्या एक टक्क्याहूनही कमी जाहिरात असलेल्या उद्योगांत बाजार मोठा होत गेला तशी केंद्रीकरणाची, म्हणजे मोजक्या कंपन्यांच्या हाती बाजार एकवटण्याची, किमान पातळी खाली येत गेली. जाहिरातबाज उद्योगांत ती एका मर्यादेखाली उतरली नाही. हा शब्द ‘किमान’ मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याहून जास्त केंद्रीकरण कुठेही असू शकतं, मिठातसुद्धा. आणि जाहिरातीने गिऱ्हाईक हलतच नसेल, तर ही मर्यादाच उरत नाही.

धोरण आखताना हा फरक विसरला जातो, याची मला खंत वाटते. कारखान्याचा खर्च अनुदान देऊन निम्म्यावर आणला, तर पहिल्या बाजारात वीसच्या अठ्ठावीस कंपन्या होतात. दुसऱ्यात मात्र 16 पैकी फक्त 0.5 वाचतो, आणि तोही जाहिरातीच्या चढाओढीत जातो.