पानाच्या माथ्यावरची एक ओळ

पडद्यावर जो फोटो दिसतोय तो बेथोव्हेनच्या एका पियानो सोनाटाच्या पहिल्या पानाचा आहे. ओपस २७, क्रमांक २. ‘मूनलाइट’ म्हणून तुम्ही ज्याला ओळखता तोच. हे नाव बेथोव्हेनने दिलेलं नाही, ते नंतर चिकटलं. फोटो मोबाइलवर काढलाय, वरच्या डाव्या कोपऱ्यात हाताची सावली पडली आहे. त्या सावलीकडे आपण परत येऊ, कारण घोटाळा तिथेच होतो.

नवीन शिकणारे या पानावर थेट खाली उतरतात. कुठला स्वर, कुठलं बोट, एवढंच बघतात. आज मी तुम्हाला स्वरांच्या वरच थांबवणार आहे. डाव्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘अदाजिओ सोस्तेनूतो’. त्याच्या जवळच बारीक अक्षरांत इटालियनमधलं एक अख्खं वाक्य आहे: ‘सि देवे सुओनारे तुत्तो क्वेस्तो पेत्सो देलिकातिस्सिमामेंते ए सेंत्सा सोर्दीनो’. म्हणजे, हा संपूर्ण भाग अत्यंत नाजूकपणे आणि सोर्दीनोशिवाय वाजवायचा आहे. संगीतकार एरवी एक-दोन शब्दांत भागवतो. इथे त्याने पूर्ण वाक्य लिहिलं, तेव्हा ते आपणही पूर्ण वाचलं पाहिजे.

सुरुवात ‘अदाजिओ’पासून. या शब्दाच्या मुळाशी ‘सवडीने’, ‘आरामात’ असा अर्थ आहे. आपण त्याचं भाषांतर ‘हळू’ असं करतो आणि मग प्रश्न येतो, काय हळू? लय कुठल्या ठोक्याची मोजायची? त्याचं उत्तर त्या सावलीत आहे. तिथे इंग्रजी ‘सी’सारखं चिन्ह दिसतंय. नुसता सी असेल तर बारमध्ये चार मात्रा, प्रत्येक मात्रा एका क्वार्टर नोटची. पण मूळ छापील पानावर त्या सीमधून एक उभी रेघ जाते. या चिन्हाला ‘आल्ला ब्रेव्हे’ म्हणतात. आता बारमध्ये दोनच मोठे ठोके, प्रत्येक ठोका हाफ नोटचा. अदाजिओ त्या मोठ्या ठोक्याला लागू होतो.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी अशाच फोटोवरून शिकून आली होती. तिच्या प्रतीत ती रेघ पार पुसली गेली होती. ती क्वार्टर नोटलाच अदाजिओ समजून मिनिटाला ३६ च्या लयीत वाजवत होती. हिशेब करून बघा. या भागात ६९ बार आहेत, म्हणजे २७६ क्वार्टर नोट. ३६ च्या लयीत त्याला पावणेआठ मिनिटांच्या आसपास लागतात. बेथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी याने पुढे लिहून ठेवलं की इथे आल्ला ब्रेव्हे आहे, म्हणून सगळा भाग मध्यम ‘आंदांते’च्या, म्हणजे सहज चालण्याच्या वेगाच्या, चालीत घ्यावा. त्याने क्वार्टर नोटला ५४ असा आकडा सुचवला. त्या लयीत हाच भाग पाच मिनिटांच्या किंचित वर जातो. तिच्या वाजवण्यात एकही स्वर चुकत नव्हता, पण दोन स्वरांमध्ये इतकं अंतर पडायचं की ओळ तुटायची. लय कळल्यावर तिला फक्त मोजणं बदलावं लागलं: बारला चार ऐवजी दोन ठोके.

तुमच्या प्रतीवर मेट्रोनोमचा आकडा छापलेला असेल तर तो संपादकाचा आहे हे लक्षात ठेवा. ही सोनाटा १८०१ ची. मेल्त्सेलच्या मेट्रोनोमचं पेटंट १८१५ चं. बेथोव्हेनने स्वतः या सोनाटाला आकडा दिलेला नाही.

आता ‘सोस्तेनूतो’, म्हणजे धरून ठेवलेला. पियानोत हातोडी तारेवर आपटली की आवाज तिथून विरतच जातो. वाजलेला स्वर तुम्ही फुगवू शकत नाही. पाचव्या बारच्या शेवटी वरची ओळ सुरू होते, ती सुरुवातीला जी शार्प या एकाच स्वरावर राहते. त्यातला लांब स्वर तीन क्वार्टर नोटचा आहे. ५४ च्या लयीत तो तीन सेकंदांहून थोडा जास्त टिकायला हवा. तो सुरुवातीलाच पुरेसा भरीव लागला नाही, तर खालच्या ट्रिप्लेट, म्हणजे एका क्वार्टर नोटमध्ये बसणारे तीन-तीन स्वर, त्याला गिळून टाकतात.

म्हणून ‘देलिकातिस्सिमामेंते’चा अर्थ ‘घाबरत’ असा करू नका. शब्द फोडून पाहा. ‘देलिकातो’ म्हणजे नाजूक, ‘-इस्सिमा’ म्हणजे अतिशय, ‘-मेंते’ लागला की ‘-पणे’. नाजूकपणा मुख्यतः ट्रिप्लेटमध्ये हवा. वरचा स्वर उजव्या हाताच्या करंगळीवर येतो, आणि तीच आपली सर्वांत दुबळी. हाताचं वजन करंगळीकडे झुकवा, बाकीची बोटं पट्टीला टेकूनच ठेवा. बरोबर जमलं की नाही हे ओळखायला एकदा रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या खोलीतून ऐका. जी शार्प ऐकू आला पाहिजे आणि ट्रिप्लेट नुसत्या जाणवल्या पाहिजेत.

आता सगळ्यात जास्त फसवणारा शब्द, ‘सोर्दीनो’. व्हायोलिनवर सोर्दीनो म्हणजे आवाज दाबणारी छोटी पट्टी. त्यामुळे कित्येकांना वाटतं की ‘सेंत्सा सोर्दीनो’ म्हणजे डावं, आवाज मऊ करणारं पेडल वापरायचं नाही. इथे ते तसं नाही. बेथोव्हेनच्या त्या काळातल्या लिखाणात सोर्दीनो म्हणजे डॅम्पर, तारांवर बसून त्यांचा आवाज थांबवणारे. डॅम्परशिवाय म्हणजे डॅम्पर उचलून, म्हणजेच उजवं पेडल दाबून. पहिल्या बारखाली तो पुन्हा लिहितो: ‘सेम्प्रे’, म्हणजे कायम, मग दोन पी, म्हणजे अगदी मृदू आवाजात, आणि पुन्हा सेंत्सा सोर्दीनो.

मग पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबूनच ठेवायचं का? त्या काळच्या पियानोवर स्वर लवकर विरायचा, त्यामुळे एकमेकांत मिसळलेले सूर धुक्यासारखे राहायचे. आजच्या पियानोवर आवाज खूप वेळ रेंगाळतो. असं करून पाहिलंत तर तिसऱ्या बारपर्यंतच चिखल होतो. म्हणून पेडल बदलायचं, पण कोरडेपणा येऊ द्यायचा नाही. पहिल्या चार बारवरच करून बघू. पहिल्या बारमध्ये डाव्या हाताला सी शार्प, दुसऱ्यात बी. प्रत्येकी पूर्ण बारभर एकच स्वर, तेव्हा पेडल बारच्या सुरुवातीला एकदाच बदला. तिसऱ्यात ए आणि मग एफ शार्प, म्हणजे दोनदा. चौथ्यात डावा हात जी शार्पवरच असतो, म्हणून नवखा माणूस पेडल तसंच ठेवतो. पण उजव्या हाताचे सूर दर क्वार्टर नोटला बदलतात, तेव्हा इथे चारदा बदलायला हवं.

बदलताना पाय स्वराबरोबर वर येतो, आधी नाही. नवा स्वर वाजला की पेडल क्षणभर सोडा आणि लगेच पुन्हा दाबा. आधी सोडलंत तर मध्ये भोक पडतं. उशिरा सोडलंत तर आधीचा बेस नव्या सुरात शिरतो, आणि चौथ्या बारमध्ये ते लगेच कानाला खटकतं. घरी गेल्यावर चौथा बार एकटाच, फक्त पाय आणि उजवा हात घेऊन वाजवा. डावा हात नंतर जोडा.