मरून जाकीट, बाविसावा भाग आणि तक्त्यात नसलेले गाणे

नमस्कार. मध्यंतरी एका प्रेक्षकाने मला एक अंधूक छायाचित्र पाठवले. दूरचित्रवाणीच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला तो फोटो होता. त्यात गायनस्पर्धेतला एक तरुण स्पर्धक होता, अंगात मरून रंगाचे मखमली जाकीट आणि समोर स्टँडवर लावलेला माइक. सोबत प्रश्न एका ओळीचा होता : "बाविसावा भाग आहे, तेव्हा सहा जण उरले होते, तो कोणते गाणे गात होता?" आज हा एकच प्रश्न आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवणार आहोत, कारण भाग आणि पोशाख एवढ्याच धाग्यावरून गाणे शोधताना जे जे फसते, ते जवळजवळ सगळे यात फसले होते.

सुरुवात अर्थातच विकिपीडियापासून केली. मोठ्या गायनस्पर्धांच्या प्रत्येक पर्वाचे तिथे बहुधा वेगळे पान असते आणि त्यात आठवडावार तक्ते असतात : गाण्याचा क्रम, स्पर्धकाचे नाव, गाणे, मूळ गायक आणि शेवटच्या रकान्यात निकाल. सहा जणांच्या आठवड्यात प्रत्येकाने दोन गाणी गायली होती, म्हणजे आपल्या स्पर्धकापुढे दोन नावे होती. दोनांपैकी एक निवडायचे, काम संपले, असे मलाही वाटले होते.

[पडद्यावर : दोन्ही गाण्यांची अधिकृत चित्रफीत शेजारी शेजारी]

स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर दोन्ही गाणी मिळाली. पहिल्या गाण्यात त्याने काळे चामडी जाकीट घातले होते आणि दुसऱ्यात राखाडी शर्ट. मरून जाकीट कुठेच नव्हते.

इथे बहुतेक लोक पहिला संशय रंगावर घेतात आणि तो संशय रास्तच आहे. मंचावरच्या रंगीत दिव्यांत पांढरा शर्ट निळा दिसतो, लाल प्रकाशात काळे कापड तपकिरी वाटते, आणि पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला की रंगाची छटा आणखी सरकते. म्हणून पोशाख जुळवताना मी रंग सर्वांत शेवटी पाहतो. त्याआधी कॉलरचा आकार, बटणांची संख्या, बाही कुठवर दुमडली आहे, गळ्यात काय आहे, हे पाहतो, कारण या गोष्टी दिव्यांनी बदलत नाहीत. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून कळफलकावरचे `.` हे बटण दाबले की चित्र एकेक चौकट पुढे जाते आणि `,` दाबले की मागे येते. गायक वळतो त्या क्षणी कॉलर नीट दिसते, ती चौकट पकडायची. आपल्या फोटोतल्या जाकिटाला रुंद, चकाकत्या कापडाची कॉलर होती. चामडी जाकिटाला उभी, छोटी कॉलर होती. तेव्हा दिव्यांचा खेळ नव्हता; कपडा खरोखरच वेगळा होता.

मग दुसरा संशय भागाच्या क्रमांकावर. हा क्रमांक वाटतो तितका पक्का नसतो. कोणी निवड चाचण्यांचा विशेष भाग मोजतो, कोणी मोजत नाही. दोन तासांचा एक भाग नंतर ऑनलाइन दाखवताना दोन भागांत तोडला जातो. आणि जिथे निकालाचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी असतो, तिथे काही याद्या त्याला स्वतंत्र क्रमांक देतात. 'अमेरिकन आयडॉल' 2002 साली सुरू झाले, तेव्हापासून अनेक वर्षे एका रात्री गाणी आणि दुसऱ्या रात्री निकाल अशीच त्याची पद्धत होती. त्यामुळे क्रमांकापेक्षा प्रक्षेपणाची तारीख आणि उरलेल्या स्पर्धकांची संख्या यांवर विसंबावे. आमच्या प्रेक्षकाने बाविसावा भाग ज्या ॲपवर पाहिला होता, तिथली यादी उघडली आणि तारीख पाहिली. ती गाण्यांच्या रात्रीची नव्हती. दुसऱ्या दिवसाची, निकालाच्या रात्रीची होती.

आता मरून जाकिटाचा उलगडा होऊ लागला. पोशाख गाण्याला बांधलेला नसतो. तो त्या दिवसाच्या चित्रीकरणाला बांधलेला असतो. एकाच दिवशी दोन गाणी असतील आणि मध्ये कपडे बदलायला वेळ नसेल, तर एकाच पोशाखात दोन्ही गाणी होतात. उलट तेच गाणे दुसऱ्या रात्री पुन्हा गायले, तर कपडे वेगळे असतात. गाण्याआधी दाखवली जाणारी सरावाची दृश्ये आणि मुलाखती तर आणखी वेगळ्याच दिवशी टिपलेल्या असतात, त्यामुळे "अमुक भागात त्याने पिवळा स्वेटर घातला होता" ही आठवण खरी असूनही त्या स्वेटरात तो मंचावर कधीच गेलेला नसतो.

निकालाच्या रात्री स्पर्धक साधारण तीन प्रसंगी गातो : सर्वांच्या समूहगीतात, एखाद्या पाहुण्यासोबत, किंवा बाद होण्याच्या उंबरठ्यावर उभा असताना एकटा. 'अमेरिकन आयडॉल'मध्ये 2009 सालच्या आठव्या पर्वापासून परीक्षकांना बाद होणाऱ्या स्पर्धकाला वाचवण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यासाठी त्याला पुन्हा गाऊन दाखवावे लागे. आमची स्पर्धा ती नव्हती, पण नियम तसाच होता. फोटोत स्टँडवर एकच माइक होता, मागे कोणी नव्हते, म्हणजे समूहगीत नाही. पाहुणाही दिसत नव्हता. तक्त्यात त्या आठवड्यात त्याच्या नावापुढे "तळाच्या दोघांत" अशी नोंद होती. गाणे मात्र लिहिलेले नव्हते, कारण मतांसाठी न गायलेली गाणी या तक्त्यांमध्ये बऱ्याचदा येतच नाहीत. समूहगीतेही पानावर खाली वेगळ्या जागी असतात, नाहीतर वगळलेली असतात.

नाव कुठून मिळवायचे? गाणे ऐकून ओळखणाऱ्या शझाम या ॲपने इथे निराशा केली, आणि ती करणारच होती, कारण ते विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवते. वेगळ्या वाद्यवृंदासोबत मंचावर गायलेल्या प्रतीचा ठसा त्याच्याकडे नसतो. मी गुगलवर तारखांची मर्यादा घालून शोध घेतला. शोधाचा साचा असा असतो. यातल्या तारखा नमुन्यादाखल आहेत :

```
"स्पर्धकाचे नाव" निकाल after:2019-03-12 before:2019-03-16
```

[पडद्यावर : शोधाचा निकाल, वृत्तसंस्थेचे छायाचित्र]

पहिल्या पानावर त्या रात्रीचे एका छायाचित्रसंस्थेचे चित्र आले. मरून जाकीट, तीच चकाकती रुंद कॉलर. चित्राखाली तारीख होती, स्पर्धकाचे नाव होते, गाण्याचे नव्हते. पण आता रात्र निश्चित झाली होती. मग निकालाच्या पूर्ण भागाची चित्रफीत उघडली आणि यूट्यूबवर शब्दांकन दाखवण्याची जी सोय आहे, ती सुरू केली. गाण्याच्या ओळी तिथे शोधू नयेत, कारण संगीत वाजते त्या जागी यंत्र बहुधा `[Music]` एवढेच लिहून मोकळे होते. शोधायचे ते गाण्याच्या आधी आणि नंतरचे बोलणे. सूत्रसंचालकाने गाण्याचे नाव घेतले नव्हते, परीक्षक मात्र नंतर म्हणाले होते, "तीन आठवड्यांपूर्वी तू हे गायलास, तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो."

तीन आठवडे मागे, म्हणजे नऊ जणांचा आठवडा. तक्त्यात त्या आठवड्यात त्याच्या नावावर एकच गाणे होते. त्याची चित्रफीत लावली, तर अंगात निळा कोट, हातात गिटार. पोशाख अर्थातच जुळला नाही, पण जुळायला नकोच होता. मी दोन्हींचे ध्रुवपद एकामागोमाग ऐकले : तीच चाल, तेच शब्द, फक्त दुसऱ्यांदा गिटार नव्हते आणि पहिले कडवे गाळलेले होते. त्या प्रेक्षकाला मी दोन्ही दुवे पाठवले. त्याचे उत्तर आले की नऊ जणांचा तो भाग त्याने पाहिलाच नव्हता.