ताकोआ: सहा तासांनंतरचा उद्रेक

१९ डिसेंबर १९८२, रविवार. व्हेनेझुएलाची राजधानी काराकास. तिच्याजवळ, कॅरिबियन किनाऱ्यावर ताकोआ. इथल्या वीजकेंद्राचं जड इंधन तेल डोंगरउतारावरच्या टाक्यांत साठवलेलं असे. सकाळी सहाच्या सुमारास कामगार तेलाची पातळी मोजायला एका टाकीवर चढले. आतली वाफ पेटली, छप्पर उडालं आणि वर गेलेले दोघं जागीच ठार झाले.

त्यानंतर टाकी नुसती जळत राहिली. अग्निशमन दल आलं, पत्रकार आले, आसपासची माणसं बघायला जमली. जड तेल आहे, जळून जाईल, असं वाटण्यासारखंच ते दृश्य होतं. दुपारी बाराच्या पुढे त्या टाकीतून पेटलेलं तेल एकदम उसळलं आणि उतारावरून समुद्राकडे धावलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यांत आग विझवायला आलेले कितीतरी जवान होते.

सकाळी घाबरवणारी टाकी दुपारी जीवघेणी का ठरली?

तेलाच्या टाकीच्या तळाशी बहुधा थोडं पाणी असतंच. ते तेलाबरोबर येतं, दमटपणातून साचतं, आणि आग लागल्यावर नळीच्या फवाऱ्यातूनही आत जातं. तेलापेक्षा जड, म्हणून ते खालीच बसतं.

आग वरच्या थरातला हलका भाग खाते. उरलेलं जड तेल शंभर अंशांच्या बरंच वर तापतं आणि खाली सरकतं. असा तापलेला थर तासातासाने जाड होत जातो. बाहेरून ज्वाला तशाच दिसतात, पण आत तो तळाकडे निघालेला असतो.

तो पाण्याला भिडला, की पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ जवळपास सतराशे लिटर जागा मागते. ती वर जाताना डोक्यावरचं सगळं तेल उचलून फेकते. तापलेल्या कढईत पाण्याचा थेंब पडावा, तसंच हे, फक्त इथे पाणी तेलाच्या तळाशी असतं. याला बॉइलओव्हर म्हणतात. टाकीभोवतीचा बांध सावकाश गळणारं तेल अडवतो, ही उसळी नाही.

पेट्रोलमध्ये सहसा असं होत नाही, कारण त्याचे घटक जवळपासच्या तापमानांनाच उकळतात आणि खाली सरकणारा जड थर तयार होत नाही. कच्च्या तेलात आणि हलकं तेल मिसळलेल्या जड इंधनात होतं.

तापलेला थर कुठवर आलाय, ते टाकीच्या पत्र्यावरून कळू शकतं. रंगाला फोड येतात, आणि पत्र्यावर पाणी मारलं की थराच्या उंचीपर्यंत ते झटकन वाफाळतं. मग फेस मारायचा का? लवकर मारला तर तो आग झाकतो. पण फेसातही पाणी असतं. थर जाड झाल्यावर मारला, तर तेच पाणी पृष्ठभागाखाली उकळून तेल काठावरून बाहेर काढतं. अशा वेळी जमेल तितकं तेल खालून उपसायचं, शेजारच्या टाक्या थंड ठेवायच्या, आणि सगळ्यांना टाकीच्या व्यासाच्या कित्येक पट दूर न्यायचं. ताकोआत माणसं जवळच थांबली होती.