बेझल एकाच दिशेनं का फिरते?

डायव्हिंगच्या घड्याळाच्या काचेभोवतीची ही कडी पाहा. हिला बेझल म्हणतात. ती डावीकडे टकटक करत फिरते, उजवीकडे मात्र हलत नाही.

समजा, 10 वाजून 7 मिनिटांनी तुम्ही खाली निघालात. बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर, म्हणजे 7 मिनिटांवर आणलात. आता मिनिटकाटा बेझलच्या ज्या आकड्यासमोर येईल, तेवढी मिनिटं तुम्ही पाण्यात आहात. 10:32 ला तो 25 दाखवेल.

पण वाटेत मनगट खडकाला घासलं आणि बेझल पाच मिनिटं सरकली. ती फक्त उलटी फिरत असल्यानं त्रिकोण 2 वर गेला आणि 10:32 ला काटा 30 दाखवू लागला. तुम्ही पाच मिनिटं लवकर वर याल, एवढंच. तीच बेझल उजवीकडे सरकली असती, तर काट्यासमोर 20 आले असते. तुम्ही पाच मिनिटं जास्त थांबला असता, आणि त्या वेळात हवाही संपत राहते, अंगात नायट्रोजनही मुरत राहतो.

या संरक्षणाला एक मर्यादा आहे, आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं असतं, तो सेफ्टी स्टॉप बेझलवर मोजला, तर तीच चूक उलटी पडते. तुम्ही थांबा अर्धवट सोडून वर याल. तिथं डाइव्ह कॉम्प्युटर पाहा, नाहीतर सेकंदकाटा.

आता घड्याळाच्या कडेची चावी. ती आट्यांवर घट्ट बसते आणि आतल्या रबरी गॅस्केटवर दाब देते. बंद करताना आधी हलकेच उलटी फिरवा. आटे जुळल्याची टिचकी बोटांना जाणवली, की मगच पुढे फिरवा. आटे तिरके चढले तर चावी बंद झाल्यासारखी वाटते, पण पाणी आत शिरतं. काचेच्या आतून वाफ धरली, तर घड्याळ लगेच दुरुस्तीला द्या.

राहिला हेलियम व्हॉल्व्ह. समुद्रतळावर काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर कित्येक दिवस दाबाखालच्या कोरड्या चेंबरमध्ये राहतात, तिथं हेलियममिश्रित वायू श्वासात घेतात. हेलियमचे अणू इतके लहान, की गॅस्केटमधून हळूहळू घड्याळात शिरतात. मग चेंबरचा दाब उतरवताना आतला वायू तेवढ्या वेगानं बाहेर पडू शकत नाही आणि काच उडू शकते. व्हॉल्व्ह त्याला वाट देतो. 1967 च्या सुमारास रोलेक्सच्या सी-ड्वेलरमध्ये तो आला, तो याच कामगारांसाठी.

हौशी डायव्हिंगची नेहमीची मर्यादा 40 मीटर. तिथं सिलिंडरमध्ये हवा किंवा नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, असते आणि घड्याळाभोवती पाणी. हेलियम आत जाण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून या व्हॉल्व्हसाठी जादा पैसे मोजू नका. तुमच्या घड्याळात तो असेलच आणि हातानं उघडायचा असेल, तर पाण्यात उतरण्यापूर्वी चावीबरोबर तोही घट्ट बंद आहे ना, हे तपासा.