पेसचा वर्ग करा: ट्रेडमिलवरचा स्पीड डोक्यातल्या डोक्यात पेसमध्ये

(रनिंग ग्रुपच्या पावसाळी बैठकीतलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

पावसाळ्यात आपल्यातले बरेच जण ट्रेडमिलवर पळतात आणि तिथे गोची ठरलेली असते, कोचच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं "५:४० ने पाच किलोमीटर", म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं ते, आणि मशीनवर बटणं असतात ताशी किती किलोमीटर याची. पळता पळता घामाच्या बोटांनी फोन उघडून कॅल्क्युलेटर वापरायला गेलात तर फोन आधी पट्ट्यावर आणि मग मागच्या माणसाच्या पायाशी. म्हणून हे डोक्यात जमायला हवं, आणि जमतं, पाढे येत असले की झालं.

मूळ हिशोब सगळ्यांना माहीत आहे. ताशी १० म्हणजे ६० मिनिटांत १० किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला ६ मिनिटं. ६० ला स्पीडने भागायचं, बास. आता ६० हा आकडा फार गुणी आहे, त्याला भरपूर आकड्यांनी भाग जातो, त्यामुळे काही जोड्या फुकटात मिळतात: १० ला ६, १२ ला ५, १५ ला ४, २० ला ३. आणि उलट्याही चालतात, ६ ला १०, ५ ला १२. शिवाय ८ ला साडेसात. या आपल्या खुंट्या, या पाठच करून टाका, बाकी सगळं यांना टांगायचं आहे.

पुढे जायच्या आधी एक खड्डा दाखवतो कारण जवळजवळ प्रत्येक जण त्यात पडतो. ताशी ११ चा पेस किती? ६० भागिले ११, ५.४५. आणि लोक लगेच म्हणतात पाच पंचेचाळीस! अहो, ते पॉइंटनंतरचे पंचेचाळीस म्हणजे मिनिटाचे शंभर भाग करून त्यातले पंचेचाळीस, मिनिटात सेकंद असतात साठ, त्यामुळे ते होतात २७ सेकंद. खरा पेस ५:२७. एका किलोमीटरमागे १८ सेकंदांची चूक, म्हणजे ट्रेनिंगच वेगळं झालं. ओळखायचं कसं? १० ला ६:०० आणि १२ ला ५:००, मग ११ चं उत्तर साधारण मध्यावर, साडेपाचच्या आसपासच यायला हवं, ५:४५ कुठल्या कुठे गेलं.

तर आता मुख्य गोष्ट. ताशी ११ खुंटीवर नाही, १०.६ नाही, ११.३ नाही, मग यांचं काय? युक्ती अशी: जवळच्या खुंटीचा पेस घ्या मिनिटांत, त्याचा वर्ग करा, जो आकडा येईल तितके सेकंद पेस कमी होतो दर ताशी १ किलोमीटर वाढीमागे. १० च्या खुंटीवर पेस ६, वर्ग ३६, म्हणजे स्पीड ताशी १ ने वाढला की पेस सुमारे ३६ सेकंदांनी उतरतो, आणि ट्रेडमिलचं बटण ०.१ ने चालतं, तर एका टिचकीला ३.६ सेकंद. १२ वर पेस ५, वर्ग २५, एका टिचकीला अडीच सेकंद. १५ वर ४, वर्ग १६, टिचकीला दीड सेकंदाच्या जरा वर. ८ वर साडेसात, साडेसातचा वर्ग सव्वाछप्पन, टिचकीला साडेपाच सेकंद. एवढंच आहे. स्पीड कमी केला तर तेच सेकंद वाढवायचे.

११.३ करून बघू. जवळची खुंटी १२, पेस ५:००, आपण ०.७ ने खाली आहोत, २५ चे ०.७ म्हणजे साडेसतरा सेकंद, उत्तर ५:१७ आणि वर थोडं. कॅल्क्युलेटर सांगतो ५:१८.६. एका सेकंदाचा फरक, मला चालतो.

हे जमतं कसं ते समजून घ्या म्हणजे विसरणार नाही, आणि यात कुठलं कॅल्क्युलस लागत नाही. समजा तुम्ही ताशी १० ने पळताय, एक किलोमीटर ६ मिनिटांत. आता शेजारच्या मशीनवर दुसरा माणूस ताशी ११ ने पळतोय. त्या ६ मिनिटांत तो तुमच्यापेक्षा किती पुढे गेला? ताशी १ किलोमीटर जास्त, ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, म्हणजे १०० मीटर पुढे. आता हे १०० मीटर पळायला तुमच्या पेसने लागतात ६ मिनिटांचा दहावा भाग, म्हणजे ३६ सेकंद. सहा एकदा "किती पुढे" मध्ये आला आणि एकदा "त्याला किती वेळ" मध्ये आला, म्हणून सहा साहे छत्तीस. तासात ६० मिनिटं आणि मिनिटात ६० सेकंद, हे दोन साठ एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून आकडा इतका स्वच्छ निघतो. मैलवाल्या मशीनवरही हेच सगळं चालतं, फक्त पेस मैलामागचा येतो, बाहेरगावी असलेल्यांनी लक्षात ठेवा.

आता बारकाईने ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की मी एक लबाडी केली. ते जादाचे १०० मीटर तुम्ही नाही पळालात, तो पळाला, आणि तो ११ ने पळतो, त्याला ते १०० मीटर ३६ नाही, जेमतेम ३३ सेकंदांत होतात. म्हणून खरी बचत ३६ नसून ३२.७ सेकंद, आणि ११ चा पेस ५:२४ नाही, ५:२७. वर्गाची युक्ती नेहमी याच बाजूला चुकते. खुंटीच्या वर जा नाहीतर खाली या, अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा वेगवान पेस दाखवतो, म्हणजे आपलं कौतुकच करतो. खुंटीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असाल तर १० च्या आसपास ही चूक सेकंदाच्याही आत राहते, पूर्ण एक किलोमीटर लांब गेलात तर तीन ते चार सेकंद. अंतर दुप्पट तर चूक चौपट, म्हणून खुंटी जवळची निवडा.

यावरचा उपायही त्याच लबाडीत आहे. वर्ग करताना दोन्ही वेळा खुंटीचाच पेस घेतला, त्याऐवजी एकदा खुंटीचा आणि एकदा नव्या स्पीडचा, आलेल्या अंदाजातला, पेस घ्या. १०.६ साठी आधी वर्गाने काढा, ३६ चे ०.६ म्हणजे साधारण २२ सेकंद, पेस ५:३८, म्हणजे ५.६ च्या जरा वर. आता सहा गुणिले ५.६ म्हणजे ३४ च्या आत बाहेर, ३४ चे ०.६ म्हणजे साडेवीस, पेस ५:३९.५. कॅल्क्युलेटर ५:३९.६ म्हणतो. पण खरं सांगू का, ही दुसरी फेरी मी क्वचित करतो, एक सेकंद मनातच वाढवतो आणि पुढे जातो.

ती दुसरी फेरी कधी करायची, तर टार्गेट जिथे अगदी काठावर असतं तिथे. आपल्यापैकी निम्म्यांचं स्वप्न आहे दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन. अंतर २१.०९७५ किलोमीटर, दोन तासांना भागलं की पेस येतो ५:४१ आणि पाव सेकंद. आता ट्रेडमिलवर किती लावायचं? उलटा हिशोब: ६:०० पासून १९ सेकंद कमी हवेत, १९ भागिले ३६, अर्ध्याच्या जरा वर, म्हणजे १०.५३, आणि मशीनवर आपण सरळ १०.५ दाबतो. १०.५ चा खरा पेस ५:४३ आहे, त्या पेसने हाफ पूर्ण होते दोन तास आणि ३३ सेकंदांत. गेलं! १०.६ ने तीच १ तास ५९ मिनिटं २५ सेकंदांत होते. खरा लागणारा स्पीड १०.५५ आहे, आणि युक्तीने उलट्या दिशेनेही तो थोडा कमीच दाखवला. म्हणून पेसवरून स्पीड काढताना कायम वरची टिचकी दाबा, खालची नाही.

वेगवान टोकाला युक्ती टिकते का तेही तपासू. ऑक्टोबर २०२३ मध्ये केल्विन किप्टमने शिकागो मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली, तो तेव्हा विश्वविक्रम होता. ४२.१९५ किलोमीटर, स्पीड जवळजवळ बरोब्बर ताशी २१. जवळची खुंटी २०, पेस ३, वर्ग ९, एक किलोमीटर वर, म्हणजे २:५१. खरा पेस २:५१.५. पूर्ण एक किलोमीटर लांब असूनही अर्ध्या सेकंदाची चूक! वेग जितका जास्त तितकी युक्ती अचूक, कारण तिथे पेस मुळातच थोडासा हलतो.

दुसऱ्या टोकाला उलटं. बैठकीत एका काकूंनी विचारलं की मी पळत नाही हो, चालते, मशीनवर ६.४ असतं, माझं काय? काकू, तुमची खुंटी ६, पेस १०, वर्ग १००. म्हणजे एका टिचकीला तब्बल दहा सेकंद! चार टिचक्या ४० सेकंद, पेस ९:२०, खरा ९:२२ आणि वर अर्धा सेकंद. इथे चूक अडीच सेकंदांची झाली. चालणाऱ्यांनी म्हणून साडेसातची एक खुंटी जास्त ठेवावी, ताशी ७.५ ला पेस बरोबर ८. आणि एक गंमत, ताशी ७.७५ चा पेस ७:४५ च येतो, सेकंदाच्या आत, तिथे स्पीड आणि पेस एकच आकडा होतात.

शेवटचा प्रश्न सरासरीचा आला, इंटरव्हल करणाऱ्यांचा. १० मिनिटं ताशी ८ ने, १० मिनिटं ताशी १२ ने, सरासरी पेस किती? साडेसात आणि पाच यांची सरासरी काढून ६:१५ म्हणाल तर चूक. वेळ सारखा आहे म्हणून आधी स्पीडची सरासरी काढा, १०, आणि मग पेस करा, ६:००. पण तेच एक किलोमीटर ८ ने आणि एक किलोमीटर १२ ने पळालात तर अंतर सारखं आहे, तिथे पेसची सरासरी बरोबर, ६:१५, आणि स्पीड येतो ९.६. ट्रेडमिलवर इंटरव्हल बहुतेक वेळा मिनिटांवर ठरवतात आणि ग्राउंडवर मीटरवर, त्यामुळे मशीनवर पहिला हिशोब लावायचा आणि ट्रॅकवर दुसरा.